सातव्या आणि आठव्या पॅनेलच्या मध्ये

अप्रेंटिस म्हणून रुजू झालो त्याचे पहिले चार दिवस ऑफिसातच गेले. फॉर्म, फोटो, बँकेचं पासबुक. पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन आला, कुपवाड एमआयडीसीत हळदीच्या एका गोदामावर ये, सोलरचं काम आहे. सप्टेंबर 2024 चा दुसरा आठवडा होता. सांगलीत रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि सकाळी बारीक झिमझिम चालू होती. मी सायकलवरून निघालो तेव्हा डोक्यात एकच होतं, आज छतावर जायला मिळणार. आयटीआयची दोन वर्षं आम्ही बोर्डावर वायरिंग केलं होतं, मोटरी गुंडाळल्या होत्या. सोलरचं पॅनेल मात्र वर्गाच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं एकच पाहिलं होतं.

गोदामाच्या दारात आमचे फोरमन उभे होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. साठीला आलेले, कपाळावर गंध, खांद्यावर पंचासारखा टॉवेल. शिडी जीपवर बांधलेलीच होती. मी ती सोडायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दुपारपर्यंत शिडी लागत न्हाई."

मला वाटलं पाऊस आहे म्हणून. ते खरंच होतं, ओल्या पत्र्यावर ते कुणाला चढू देत नाहीत. पण त्यांनी मुद्दाम पाऊस पडल्यावरच, इतक्या सकाळी का यायचं ठरवलं होतं, हे मला तासाभराने कळलं.

गोदामावर पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणारे, प्रत्येकी 50 किलोवॉटचे दोन इन्व्हर्टर होते. त्यातला एक पंधरा दिवसांपासून रुसला होता. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुरूच व्हायचा नाही, स्क्रीनवर `PV Isolation Low` असं यायचं. मग अकरा-बाराला ऊन पडलं की आपोआप चालू. गोदामाचा माणूस रोज सकाळी येऊन तो बंद-चालू करून बघायचा. आधी कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं की सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा खाली आणा, म्हणजे तक्रार थांबेल. अण्णांनी ते ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "धूर येतोय म्हणून नाक बांधायचं व्हय?"

इन्व्हर्टर रोज सकाळी जोडणी करण्याआधी एक गोष्ट तपासतो. छतावरून येणाऱ्या प्लस आणि मायनस या दोन्ही तारा जमिनीपासून, म्हणजे अर्थिंगपासून, नीट अलग आहेत का. वर कुठेतरी तारेचं आवरण फाटलं आणि तांबं पॅनेलच्या चौकटीला किंवा खालच्या अॅल्युमिनियमच्या रेलला लागलं, तर हा अलगपणा जातो. ओल असली की पाणी त्या फटीतून पूल बांधतं, वाळलं की पूल तुटतो. म्हणून हा दोष सकाळी दिसायचा आणि दुपारी लपायचा. अण्णा म्हणाले, "दुपारी आलो असतो तर मीटरनं सगळं बरोबर हाय म्हणून सांगितलं असतं. ओलं असतानाच मोजायचं, आन् वाळल्यावर चढायचं."

मग ते मला इन्व्हर्टरकडे न नेता गोदामाच्या आत घेऊन गेले. हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या, हवेत पिवळी धूळ, नाकात तो कडवट वास. म्हणाले, "वर बघ." छताच्या पत्र्यांमध्ये अधूनमधून फायबरचे पारदर्शक पत्रे होते, त्यातून उजेड येत होता. खिशातून वही काढायला लावली आणि पूर्वेच्या भिंतीपासून मोजून कोणत्या ओळीत किती फायबरचे पत्रे आहेत ते काढून घेतलं. मी नऊ मोजले. अण्णांनी परत मोजायला लावलं. दहा होते. एक थप्पीच्या मागे लपला होता.

"खालनं त्यो उजेड देतो म्हणून दिसतो. वरनं त्याच्यावर धूळ, शेवाळ बसलेलं असतंय, लोखंडी पत्र्यागतच दिसतो. जुना झाला की उन्हानं कडक होतो आन् माणसाच्या वजनानं पापडागत मोडतो." थोडं थांबून म्हणाले, "माझ्या पोराच्या वयाचा एक असाच गेला. जमिनीपासून पत्रा आठ मीटरवर हुता." पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. तो कागद मी घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला.

त्यानंतर इन्व्हर्टरची खोली. तिथे तात्या वायरमन आधीच येऊन बसले होते. अण्णांनी मला पिशवीतला क्लॅम्प मीटर काढायला सांगितला. तारेभोवती जबडा लावला की तार न तोडता करंट दाखवतो, तो. मी हाताला आला तो काढला. अण्णांनी तो शेजारच्या, चालू असलेल्या इन्व्हर्टरच्या एका डीसी तारेभोवती लावायला सांगितला. मीटरवर शून्य.

"किती?"

"शून्य, अण्णा."

"मंग ही तार सोडवू का?"

मी बाहेर पाहिलं. आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. मी म्हणालो, सोडवता येईल, करंटच नाहीये. अण्णांनी पिशवीतला दुसरा मीटर काढला, बटण दाबून शून्यावर आणला आणि त्याच तारेला लावला. 3.2 अँपिअर.

पहिला मीटर फक्त एसी मोजणारा होता. ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो, त्याला बदलता करंट लागतो. डीसी करंट बदलतच नाही, म्हणून त्या मीटरला तो दिसतच नाही. जिथे 3 अँपिअर वाहत होते तिथे त्याने शून्य दाखवलं आणि मी त्या शून्यावर विश्वास ठेवून तार सोडवायला तयार झालो होतो. पायांतून गारवा गेला. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही मीटर माझ्या हातात दिले आणि डीसी मोजणाऱ्याच्या जबड्यावर लाल पट्टी चिकटवायला लावली. ती पट्टी अजून आहे.

आता बंद करायची पाळी. बिघडलेला इन्व्हर्टर तसाही काही पाठवत नव्हता, तरी अण्णांनी ठरलेल्या क्रमानेच सगळं करायला लावलं आणि प्रत्येक पायरी मला मोठ्याने म्हणायला लावली. आधी इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने थांबवायचा, म्हणजे तो हळूहळू करंट शून्यावर आणतो. मग एसीची बाजू, मग डीसीचा स्विच. मग प्रत्येक तारेवर डीसी क्लॅम्प लावून 0.0 वाचायचं. त्यानंतर पाच मिनिटं थांबायचं, कारण इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर भरलेले असतात. तेवढा वेळ इन्व्हर्टरच्या स्टिकरवरच लिहिलेला होता. मी तोवर ते स्टिकर नुसतंच बघितलं होतं, वाचलं नव्हतं.

स्विच बंद केल्यावर अण्णांनी त्याला एक कुलूप घातलं, पाटी अडकवली आणि चावी मला दिली. "तू वर असताना तो रोजचा माणूस येऊन चालू करून बघायचा. त्याची सवय हाय ती. चावी तुझ्या खिशात, आन् कुलूप तूच काढायचं. मी मागितली तरी द्यायची न्हाई, तू खाली उतरंपर्यंत."

मी म्हणालो, आता सगळं बंद झालं ना. अण्णांनी स्विचवर बोट ठेवलं आणि तिथून बोट वर छताकडे नेलं. "हितनं खाली बंद. हितनं वर सगळं जिवंत. वरचा स्विच सूर्याच्या हातात."

हे कानाने ऐकणं निराळं. पुढच्या अर्ध्या तासात मी ते मीटरवर पाहिलं. डीसीच्या पेटीत सहा स्ट्रिंग येत होत्या. एका स्ट्रिंगमध्ये सोळा पॅनेल एकामागोमाग जोडलेले, म्हणजे टॉर्चमध्ये सेल घालतो तसे, सगळ्यांचे व्होल्ट एकमेकांत मिळवायचे. पॅनेल 540 वॉटचा होता आणि त्याच्या मागच्या पाटीवर काही न जोडता 49.5 व्होल्ट लिहिलेले. मला वाटलं होतं ढगात फार तर शे-दोनशे व्होल्ट भरतील. मोजले तर स्ट्रिंगवर 752. म्हणजे पॅनेलमागे 47. ढगांनी करंट कमी होतो, व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं. पहाटे तांबडं फुटलं की ते उभं राहतं. उलट डिसेंबरच्या थंड सकाळी याच स्ट्रिंगवर 800 च्या वर जातं, कारण पॅनेल गार असला की व्होल्ट वाढतात.

पण मोजण्याआधी दोन गोष्टी झाल्या. पहिली हातमोज्यांची. रबरी मोज्याचं मनगटाकडचं तोंड घट्ट गुंडाळत आणायचं, आत हवा कोंडते, बोटं फुगतात. मग गालाजवळ धरायचं. कुठे भोक असेल तर हवेची झुळूक गालाला लागते. आमच्या तीन जोड्यांपैकी एकीची झुळूक लागली. डोळ्यांना ते भोक दिसतच नव्हतं. अण्णांनी तो मोजा तिथेच कात्रीने कापला, म्हणजे उद्या कुणी चुकून घालणार नाही. रबराच्या वरून चामड्याचे मोजे, कारण पत्र्याच्या धारेने रबर फाटतं.

दुसरी गोष्ट मीटरच्या तारेची. लाल तार कुठल्या भोकात आहे ते आधी बोट लावून बघायचं. ती अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्ट मोजायला टोकं लावलीत, तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट, हातातच फुटू शकतो. माझ्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर त्यांनी पिशवीत ठेवायला सांगितला. स्ट्रिंग जमिनीपासून अलग असते तेव्हा टेस्टरला परत जायला वाटच मिळत नाही, दिवा लागत नाही, आणि माणूस समजतो की तार मेलेली आहे.

करंट शून्य आहे हे पुन्हा बघून अण्णांनी सहाही स्ट्रिंगचे दोन्ही बाजूंचे फ्यूज उघडले, म्हणजे स्ट्रिंग एकमेकींपासून सुट्या झाल्या. मग एकेकीचा प्लस आणि अर्थिंग यांच्यामध्ये मीटर लावला. पहिल्या स्ट्रिंगला आकडा उसळला आणि घसरत घसरत शून्याजवळ आला. निरोगी स्ट्रिंग असंच वागते, तिचं जमिनीशी नातंच नसतं. दुसरी तशीच, तिसरी तशीच. चौथीला आकडा आला 328 आणि तिथेच उभा राहिला.

अण्णांनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी मान हलवली. मायनस ते अर्थिंग मोजलं, 422. दोन्हींची बेरीज 750, म्हणजे जवळजवळ अख्ख्या स्ट्रिंगएवढी.

"आता भागाकार कर," अण्णा मला म्हणाले.

मला कळेना कशाचा. त्यांनी हळदीच्या पोत्यावरच्या कागदाच्या मागे सोळा चौकोन काढले. एका टोकाला प्लस, दुसऱ्याला मायनस. म्हणाले, तार जिथं जमिनीला टेकली तिथं व्होल्ट शून्य धर. तिथून प्लसपर्यंत 328. पॅनेलमागे 47. किती पॅनेल?

सात. दुसरीकडून 422 ला 47 ने भागलं तर नऊ. सात आणि नऊ, सोळा. दोष प्लसकडून सातव्या आणि आठव्या पॅनेलच्या मधल्या जोडावर होता, आणि आम्ही अजून शिडीसुद्धा उतरवली नव्हती. मी आयटीआयमध्ये सिरीजमध्ये व्होल्ट मिळवायचे हा नियम पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता. त्या दिवशी पोत्यावर बसून सोळा चौकोनांत तो कामाला आला, आणि मला खरंच इतका आनंद झाला की मी तो कागद घरी घेऊन गेलो.

साडेनऊला पाऊस थांबला. पत्रा वाळायला वेळ होता, तात्यांनी चहा मागवला. मी अण्णांना विचारलं, एवढं व्होल्टेज असताना वर शॉर्ट झालं तर फ्यूज उडेलच ना. घरात शॉर्ट झालं की एमसीबी पडतो तसा.

त्यांनी शर्टाची बाही वर केली. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चकचकीत, आकसलेली. "घरात शॉर्ट झालं की मागनं महावितरणचा अख्खा ट्रान्सफॉर्मर करंट पाठवतो, शेकडो अँपिअर. म्हणून एमसीबी पडतो. पॅनेलला शॉर्ट केला तरी त्यो 13.8 अँपिअरच्या वर देऊच शकत न्हाई, आन् भर उन्हात चालताना 13 देतच असतो. फ्यूज 20 चा. त्याला फरक कळायचा कसा?" फ्यूज असतो तो एका स्ट्रिंगमध्ये बिघाड झाला तर बाकीच्यांचा करंट तिच्यात उलटा घुसू नये म्हणून. एकट्या स्ट्रिंगच्या शॉर्टला तो बघत बसतो.

हात भाजला तो 2016 साली. त्याआधी पंचवीस वर्षं त्यांनी एसीचंच काम केलं होतं. कुठल्याशा छतावर स्ट्रिंग चालू असताना त्यांनी दोन पॅनेलमधला कनेक्टर ओढला, घरातला प्लग ओढावा तसा. "प्लग वढला की ठिणगी पडती आन् विझती. ही विझंना. मी हात मागं घेईन तसा जाळ लांबत गेला." एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला मरायला शंभर संधी मिळतात. डीसीला शून्य येतच नाही. कनेक्टरवर लोड असताना उघडू नका असं बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. अण्णांना ते इस्पितळातून आल्यावर वाचून दाखवलं कुणीतरी.

आणि आमच्या चौथ्या स्ट्रिंगचं काय? एक दोष आहे तोवर करंटला फिरायला पूर्ण वाट नाही, म्हणून काही जळत नाही. पण तोवरच. कारण आता स्ट्रिंगचा एक बिंदू जमिनीला बांधला गेला, त्यामुळे पत्र्यावर उभं राहून कुणी मायनसच्या टोकाला हात लावला तर त्याला 422 व्होल्ट. आणि उद्या दुसऱ्या ठिकाणी आवरण फाटलं की दोन दोषांमधून रेलवाटे फेरा पूर्ण होतो. मग जाळ, आणि खाली हळदीची पोती. इन्व्हर्टर सकाळी चालू व्हायला नकार देत होता तो याचसाठी. त्या मर्यादेशी खेळायचा सल्ला ज्याने दिला त्याचा मला आजही राग येतो.

पावणेबाराला अण्णांनी स्वतः वर जाऊन पत्र्यावर तळहात टेकवला, टॉवेलने पुसला, परत टेकवला. मग मला बोलावलं. पट्टा तात्यांनी खालीच घालून तपासला होता. मांड्यांचे पट्टे, छातीचा पट्टा, पाठीवरची कडी. पट्ट्याला दोन दोऱ्या, दोन आकडे. छताच्या माथ्यावरून स्टीलची दोरी ताणलेली होती. एक आकडा पुढे लावल्याशिवाय मागचा सोडायचा नाही. चार पावलांवर एकदा ती वेळ यायची आणि प्रत्येक वेळी अण्णा माझ्या हातांकडे बघत थांबायचे.

पाय कुठे ठेवायचा तेही ठरलेलं. पत्र्यावर स्क्रूच्या रांगा दिसतात, त्यांच्या खाली परलिन, म्हणजे पत्रा पेलणारी आडवी लोखंडी पट्टी असते. चालायचं त्या रांगेवरून, आणि जिथे पॅनेलच्या बाजूने आत जायचं तिथे फळी टाकून. मी खिशातला कागद काढला. त्याच्याप्रमाणे तिसऱ्या ओळीत, माझ्यापासून दोन हातांवर, फायबरचा पत्रा असायला हवा होता. मी बघत राहिलो. सगळे पत्रे सारखेच करडे. अण्णांनी काठीच्या टोकाने एकावर टिचकी मारली, आवाज बोदा आला. तोच होता. कागद नसता तर मी त्यावरूनच गेलो असतो, कारण चौथ्या स्ट्रिंगकडे जायचा सरळ रस्ता तिथूनच होता.

ऊन आता कडक झालं होतं, पत्र्याची धग बुटांतून लागत होती. चौथी स्ट्रिंग म्हणजे आडव्या पॅनेलच्या दोन रांगा, आठ-आठच्या. अण्णांनी प्लसचं टोक शोधून मला खडूने एक ते सोळा आकडे टाकायला लावले. मग पहिलं काम, चौकटीला हात लावण्याआधी मीटर. एक टोक सातव्या पॅनेलच्या चौकटीवर, दुसरं अर्थिंगच्या पट्टीवर. शून्य. चौकटीची अर्थिंगची तार कुठे तुटली असती तर चौकट स्वतःच जिवंत होऊ शकली असती. मग मोजे घालून डीसी क्लॅम्प, तारेवर. खाली स्विच बंद, कुलूप लावलेलं, फ्यूज उघडे, तरी परत क्लॅम्प. मी कारण विचारलं. "दोन दोष असतील तर वरच्या वर करंट फिरतो. खालच्या कुलपाला त्याचा पत्ता नसतो." 0.0 आलं.

वाळल्यामुळे दोष लपला होता. तात्यांनी खालून फोनवर सांगितलं, प्लस ते अर्थिंग घसरतोय, काही नाही. अण्णांनी बाटलीतलं पाणी लांबूनच सातव्या-आठव्याच्या मधल्या रेलवर ओतलं आणि मला हात मागे घ्यायला सांगितलं. पाच-सहा सेकंदांनी तात्यांचा आवाज आला, "आलं! तीनशे सोळा, उभं हाय." सकाळच्या 328 पेक्षा थोडं कमी, पॅनेल तापले होते म्हणून. सात पॅनेलच.

उघडण्याआधी स्ट्रिंगचे तुकडे केले. सोळा पॅनेल एकत्र म्हणजे सव्वासातशे व्होल्ट. अण्णांनी आधी आठ-नऊचा जोड सोडवला, मग चार-पाचचा आणि बारा-तेराचा. प्रत्येक वेळी आधी क्लॅम्प, मग चिमट्यासारखं प्लॅस्टिकचं हत्यार लावून कनेक्टरच्या दोन्ही जिभा दाबायच्या, सरळ ओढायचं, सुट्या तोंडांना लगेच टोप्या. चार पॅनेलच्या तुकड्यात 180 व्होल्ट उरले. मग सहा-सातचा आणि सात-आठचा जोड सोडवला. त्यातला शेवटचा मी सोडवला. हात थरथरत होता हे अण्णांनी पाहिलं असणार. ते माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले होते आणि काही न बोलता त्यांनी माझ्या पट्ट्याची दोरी हातात धरली होती. कनेक्टर टक् करून सुटला. ठिणगी नाही, काही नाही.

सातव्या पॅनेलवर जाड ताडपत्री टाकून आम्ही त्याच्या कडेचे क्लॅम्प सैल केले, कड थोडी उचलली. तार दिसली. बांधणीची पांढरी प्लॅस्टिकची पट्टी उन्हाने कडक होऊन तुटली होती आणि तिचे तुकडे पन्हाळीत पडले होते. सुटलेली तार रेलच्या कापलेल्या टोकावर विसावली होती. वाऱ्याने रोज थोडी थोडी घासत आवरण गेलं होतं, कनेक्टरपासून वीतभर अंतरावर नखाएवढ्या जागेत तांबं चमकत होतं. रेलचं ते टोक कापल्यावर कुणी कानस मारली असती, किंवा उन्हात टिकणारी काळी पट्टी वापरली असती, तर आम्हाला यावंच लागलं नसतं.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. खराब भाग कापला, नवा कनेक्टर दाबून बसवला, तार आखूड झाली म्हणून अर्ध्या मीटरचा तुकडा जोडला. कनेक्टर त्याच बनावटीचा शोधायला अण्णांनी अख्खी पेटी उलथी केली. दुसऱ्या बनावटीचा बसतो, टक् आवाजही येतो, पण आतले संपर्क नीट जुळत नाहीत आणि वर्षभरात तो जोड तापून वितळतो. रेलच्या टोकाला कानस मी मारली. नंतर बाकीच्या रांगेतल्या रेलच्या टोकांनाही, ज्यांच्यापर्यंत फळी पोचत होती त्यांना. अण्णांनी सांगितलं नव्हतं.

जोड परत लावून झाल्यावर बाटलीतलं उरलेलं पाणी त्याच जागी ओतलं. तात्या खालून आकडे वाचत होते. दोनशे दहा, नव्वद, तीस, चार. घसरत गेला. मायनसही तसाच. तरी अण्णांनी पाच मिनिटं थांबवलं आणि पुन्हा मोजायला लावलं.

उतरलो तेव्हा सव्वातीन झाले होते. पट्टा सोडला, मोजे काढले, तळहात पाण्यातून काढल्यासारखे पांढरे पडले होते. फ्यूज तात्यांनी बसवले. मग तिघेही इन्व्हर्टरसमोर उभे राहिलो आणि कुणी काही करेना. मला दोन क्षण लागले कळायला. चावी माझ्या खिशात होती.

मी कुलूप काढलं, डीसीचा स्विच लावला, मग एसी. स्क्रीनवर साठ सेकंद उलटे मोजले गेले आणि आकडा चढायला लागला. अण्णांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. स्ट्रिंग चार, जोड सात-आठ, तार घासलेली, 328 आणि 422, दुरुस्तीनंतर शून्य. शेवटी त्यांनी एक ओळ घालायला सांगितली, "पावसानंतर सकाळी पुन्हा पाहणे."

तिसऱ्या दिवशी पहाटे जोराची सर येऊन गेली. मी सव्वासहालाच गोदामावर पोचलो, रखवालदाराला उठवून खोली उघडायला लावली आणि स्टुलावर बसून राहिलो. सहा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी दोन्ही इन्व्हर्टर पाठोपाठ चालू झाले. मी वहीत वेळ लिहिली आणि अण्णांना फोन लावला.